खापराच्या टॅगवरची सही

माझी धाकटी जाऊ रंजना. तिचं चांगलं सांगायला बसले तर संध्याकाळ होईल, म्हणून वाईटापासूनच सुरुवात करते. तर वाईट असं की, तिचं वाईट कधीच होत नाही.

आम्ही दोघी पर्वत पाटिया नावाच्या वस्तीच्या मागच्या गल्लीत एकाच मजल्यावर राहतो. दोघींचे नवरे संच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, आणि आम्ही दोघी घरी बसून साड्यांना टिकली लावतो. शेठाचा माणूस गठ्ठा घेऊन आला की पहिल्यांदा दार वाजतं ते तिचं. दिवसभर टिकली लावून माझी मान आखडते आणि ती तेवढंच काम करून वर गाणं म्हणते. माझा मुलगा बारडोलीला साखर कारखान्यात लागला, याचं मला कौतुक होतं. तेवढ्यात तिची लेक स्वाती लग्न करून शारजाला गेली. म्हणजे तिथेही तीच वर.

हे सगळं मी पचवलं. खापर मात्र पचलं नाही.

सासूबाई सुभद्राबाईंनी अमळनेरहून येताना हे मातीचं खापर मांडीवर ठेवून आणलं होतं. चुलीवर पालथं घालायचं आणि हातावर झुलवत झुलवत पसरलेली पुरणपोळी त्यावर टाकायची. चाळीतल्या कितीतरी बायकांनी या खापरावरचे मांडे खाल्ले असतील. मी थोरली सून, पहिली आलेली, तेव्हा ते माझंच होतं. पण माझी पोळी हातावरच फाटायची आणि रंजनाची रुमालाएवढी होऊनही फाटत नसे. देवाघरी जायच्या आधी सासूबाईंनी सगळ्यांसमोर खापर तिच्या हातात दिलं. मला एक नऊवारी दिली. मी नऊवारी नेसत नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, स्वातीला सुट्टी मिळेना. लेक माहेरी येऊ शकत नाही म्हणून माहेरच लेकीकडे जाणार असं ठरलं आणि स्वातीने दोघींचीही तिकिटं काढली. "काकू नही उनी तं मज्या नही," म्हणाली पोरगी. बरं वाटलं. पण रंजनाने खापरही न्यायचं काढलं तेव्हा ते बरं वाटणं तिथेच संपलं. कटपीसच्या चिंध्यांत गुंडाळून, खोक्यात घालून, वर दोरी बांधून तिने ते तयार केलं. इतकी वर्षं ते निदान शेजारच्या खोलीत तरी होतं.

विमानतळावर सामान देण्याच्या रांगेत तिने काउंटरशेजारच्या इंग्रजी फलकापुढे मला ओढून उभं केलं आणि फोटो काढला. मग लगेच स्वातीला व्हिडिओ लावला. इकडे काउंटरवरच्या पोराने खोकं उचलून पाहिलं.

"इसमें क्या है आंटी?"

"मिट्टी का खापर. मांडा बनाने का," मी सांगितलं.

"टूटनेवाला है तो इधर साइन करो. आपका है ना?"

त्याने एक टॅग माझ्यापुढे सरकवला. रंजनाला हाक मारायला हवी होती. ती दोन हातांवर होती. पण "आपका है ना" असं मला इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

"हाँ, मेरा है," म्हटलं आणि ठसठशीत सही केली. जयश्री चिंधा पाटील. काय लिहिलंय ते वाचलंही नाही. इंग्रजी वाचून तरी काय कळणार होतं! शारजापर्यंत मी खिडकीशी ताठ बसून गेले.

स्वातीच्या घरी दोरी सोडली, चिंध्या काढल्या आणि रंजना मटकन खाली बसली. "ताई, खापर फुटी गयं वो." चार मोठे तुकडे आणि बाकी चुरा. खोक्याचा एक कोपरा पार आत गेला होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं. आता ते तिचंही नाही. मग ती तुकडे पदरात घेऊन रडायला लागली आणि मला सासूबाईंचे काळे पडलेले हात आठवले. मीही रडले. पण त्यातलं किती खापरासाठी होतं, ते विचारू नका.

स्वाती मात्र तिच्या आजीसारखी. रडण्यात वेळ घालवला नाही. "कंपनीला तक्रार करायची. नियम काय आहेत ते बघू." नियम कुठे मिळणार? तर आमच्या त्या फोटोत! दोघींच्या डोक्यांच्या मधून फलक स्पष्ट दिसत होता. तिने मोबाइलवर तो मोठा केला, भाषांतराचं ॲप लावलं आणि इंग्रजीच्या जागी मराठी उमटली. मराठी कसली, ओढूनताणून उभी केलेली, पण समजत होती. नुकसानीची तक्रार सामान हातात पडल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी करावी. नाजूक वस्तूंवर प्रवाशाने स्वतः सही केलेला टॅग असेल, तर तुटफुटीची जबाबदारी कंपनी घेणार नाही.

"आई, तू अशा टॅगवर सही केलीस का?"

"नही वो. माले कोनी इचारंच नही."

"मग झालं! जबाबदारी त्यांचीच." आणि स्वातीने खोकं फिरवलं. खोक्याला हात घालायच्या भोकात बांधलेला टॅग लटकत होता. त्यावर माझी सही, ठसठशीत.

रंजनाने टॅग हातात घेऊन जवळून पाहिला.

"ताई, सही तुनी शे?" रंजनाने विचारलं.

"मनी शे."

"कसाले करी?"

"त्याने विचारलं, तुमचं आहे ना. मी हो म्हटलं."

आता ही भांडेल, म्हणून मी कंबर कसून बसले. भांडली असती तर माझ्याकडे सव्वीस वर्षांचं उत्तर तयार होतं. पण रंजनाने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग काय खोटं बोलनी तू? तुनं बी तं व्हतं ते. जाऊ दे स्वाती, तक्रार नको." बघा! दिलं तेही तिनेच. माझं होतं हे सांगायलाही तिचीच परवानगी. मला इतका राग आला की, तिचे उपकार नकोत म्हणून मी उठून उभी राहिले.

"नको कशाला? सामानाची चिठ्ठी कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या," स्वाती म्हणाली. "पण काकू, खापर तुमचंही धरलं, तर तुमची सही चालेल आणि तक्रार तिथेच संपेल. टॅगवर सामानाच्या मालकिणीची सही नाही, असं लिहिलं तरच काही आशा आहे. आणि ते तुम्हालाच लिहून द्यावं लागेल."

घरातले अर्जबिर्ज नेहमी मीच लिहिते. रंजनाला सहीपुरतंच येतं. तेवढ्या एका बाबतीत मी तिच्या वर आहे. स्वातीने कागद दिला. मी मराठीत लिहायचं, ती इंग्रजी करून जावयाला दाखवणार आणि फोटोसकट कंपनीला मेल करणार. रंजनाची तक्रार मी सरळ लिहून काढली. खोकं कधी दिलं, कसं बांधलं होतं, कोपरा कसा दबला. तिने खाली सही केली, एकेक अक्षर जुळवत.

मग माझा कागद. पेन बराच वेळ हातात धरून बसले. रंजना समोर तुकडे जुळवून बघत होती, जणू मांडा टाकायचाच आहे.

लिहिलं. "टॅगवरची सही माझी आहे. खापर माझं नाही. ते माझ्या सासूबाईंनी माझी जाऊ रंजना योगराज पाटील हिला दिलेलं आहे. माझा त्यावर काही हक्क नाही."

"खाली सही करा काकू," स्वाती म्हणाली. "टॅगवर आहे तश्शीच हवी. ते जुळवून बघतील."

तशीच केली.