जवारी परिपक्व झाली

परभणीत दुकानदारांच्या, खानावळींच्या फेसबुकवरच्या पोस्ट नीट करून देणं हे माझं काम. लिहायचं काम एआयच्या मशीनकडे गेलं, निस्तरायचं माझ्याकडे राहिलं. मशीन लिहितं भसाभस. वाण्याच्या दुकानाला ते ‘खरेदीचं नंदनवन’ म्हणतं आणि रसवंतीवर ‘आठवणींचा गोडवा’ ओततं. कुणाच्याही तोंडी काहीही घालताना त्याला लाज वाटत नाही, आणि ते वाचून खूश होणाऱ्या माणसांनाही वाटत नाही.

ताडकळसच्या रस्त्याला एका काकांचं शेत आहे. हिवाळ्यात ते हुरडा खाऊ घालतात. शेतात हुरडा भाजायची एक आगटी, चार बाजा, लिंबाखाली सतरंज्या, आणि काकांचं तोंड. त्या तोंडासाठीच लोक येतात. आवाज मोठा, बोलणं रोखठोक, आणि एकदा जबान दिली की दिली. “माझ्या शेतात आलेला माणूस उपाशी गेला न्हाई आन् फसून बी गेला न्हाई,” हे ते इतक्यांदा सांगत की ऐकणाराच पुढचं वाक्य पुरं करी.

पोस्टचं कसं चाले, तर काका मला व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवत. मशीन ते उतरवून घेई आणि त्याचा मजकूर बनवी. मग मी काकांचा आवाज पुन्हा लावून मजकुराशी ताडून बघायची. जे काका जन्मात बोलणार नाहीत ते काढायचं. जे चूक आहे ते दुरुस्त करायचं. शेवटी फोनवर काकांनाच वाचून दाखवायचं, आणि ते “हां, हे मीच बोलायलोय” म्हणाले की मजकूर पक्का.

पहिल्याच मजकुरात मशीनने ‘मक्याची कोवळी कणसं’ लिहिली होती. काका फक्त ‘कणसं’ म्हणाले होते. ज्वारीलाही कणीस असतं हे त्या विद्वानाला कुठून कळावं? वर ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ ठोकून दिलेलं. मी वाचून दाखवलं तर काका म्हणाले, “काढ माय ते. युरिया टाकलाय मी. सगळ्या गावानं बघितलाय टाकताना.” मी काढलं. ‘निसर्गाच्या कुशीत’ही काढलं, कारण शेताच्या एका बाजूला डांबरी रस्ता आणि दुसऱ्या बाजूला विजेचा डीपी आहे.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण पेज काढलं होतं काकांच्या जावयानं. जावई पुण्यात. पासवर्ड त्याच्याकडे, मशीनही त्यानंच लावून दिलेलं. मी सुधारलेला मजकूर त्याच्याकडे जाई आणि तो टाके. माझा मजकूर त्याला ‘फार गावठी’ वाटायचा. एकदा त्याने मशीनला गावरान ढंगात लिहायला सांगितलं, तर आलं, ‘लय भारी हुरडा, नादच खुळा राव!’ काका आयुष्यात कुणाला राव म्हणाले नाहीत. परभणीचा माणूस कोल्हापूरचा करून ठेवला, आणि जावयाला वाटलं, जमलं. गाव म्हणजे त्याला एकच गाव माहीत असावं, तेही टीव्हीतलं.

संक्रांत उलटली, थंडी सरायला लागली, तसा काकांचा आवाज आला. “माय, जवारी निबर व्हायलीय. टाक की, आता हुरडा संपला. रविवारी येऊ नका म्हणावं. उगं दात दुखायचे लोकाचे.”

मशीनने लिहिलं: ‘आमची ज्वारी आता परिपक्व झाली आहे! या रविवारी अस्सल हुरड्याची शेवटची संधी चुकवू नका!’

मी दोनदा वाचलं आणि मग एकटीच हसत बसले. निबर म्हणजे परिपक्व, शब्दकोशात बरोबरच आहे. पण हुरडा दुधात असलेल्या दाण्याचा. दाणा परिपक्व झाला की त्याची भाकरी होते, हुरडा होत नाही. आणि ‘येऊ नका’ची ‘शेवटची संधी’ करायला तर अक्कलही लागत नाही, नुसता हावरेपणा पुरतो.

मी लिहिलं: ‘जवारी निबर झाली. हुरडा संपला. रविवारी येऊ नका, दात दुखतील. पुढल्या साली लवकर या.’ काकांना वाचून दाखवलं, ते ‘हां’ म्हणाले, मी जावयाला पाठवलं.

त्याचं उत्तर आलं: ‘इतकं निगेटिव्ह? येऊ नका असं कुणी लिहितं का?’ आणि त्याने मशीनचा मजकूर जसाच्या तसा टाकला, वर काकांचा फेटा बांधलेला हसरा फोटो. मी फोन केला तर मीटिंग. पोस्टखाली कॉमेंटमध्ये मी खरं काय ते लिहिलं, तर त्याने ते उडवलं.

मी काकांना म्हटलं, “काका, तुमी एकदा बोला ना त्यांना.”

काका म्हणजे तलाठ्याला तोंडावर सुनावणारा माणूस. पण म्हणाले, “जावई हाय माय. पोरगी हाय त्यांच्या घरी. कसं म्हणू?”

रविवारी मी शेतावर गेले. गाड्या लागल्या होत्या, नांदेडच्यासुद्धा. काका प्रत्येक गाडीपाशी जाऊन सांगत होते, “हुरडा न्हाई. चुकी झाली. पिठलं-भाकरी करायलेत, खाऊन जावा.” एकाने मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरला. “तुम्हीच बोलावलंय की! हा फोटो तुमचा नाही का? लहान लेकरं घेऊन आलोय. म्हाताऱ्या माणसानं असं फसवावं का?”

जावयाचं नाव घेतलं असतं तर तिथंच सुटले असते. काकांनी फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, “व्हय. माझाच हाय.” नंतर ते बाजेवर बसले आणि लोक जेवून जाईपर्यंत त्यांचा आवाज पुन्हा चढला नाही. मला इतका राग आला होता की मी न जेवताच परतले.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. आवाज पहिल्यासारखा. “ये माय शेतावर. जावईबापू यायलेत. त्यांचा हुरडा हाय.”

“काका, आता कसला हुरडा?”

“ये तर.”

गेले. जावयासाठी बाजेवर नवी सतरंजी, पाणी, टॉवेल, सगळा मान. शेजारी काकांची लेक. काकांनी गोवऱ्यांच्या आरात स्वतः कणसं खोचली. चोळताना दाणे सुटेनात. तरी त्यांनी तळहात लाल करून घेतले आणि ताट भरलं. बाजूला तिळाची चटणी, गूळ, दही.

“घ्या जावईबापू. परिपक्व हाय.”

लेकीने पदर तोंडाला लावला. जावयाने घास घेतला आणि चावायला लागला. आम्हाला आवाज ऐकू येत होता.

“कसाय?”

“छान,” जावई म्हणाला. सासऱ्याने हाताने चोळून वाढलेलं, टाकता येईना.

“मंग घ्या की आनखी. शेवटची संधी हाय.” काकांनी अदबीने आणखी एक मूठ वाढली.

जावई गाल धरून चावत राहिला. दुसरी मूठ अर्धी झाल्यावर त्याने माझ्याकडे न बघता खिशातून मोबाइल काढला, म्हणाला, “पेजचा पासवर्ड लिहून घेता का?”