अठ्ठावीस दिवसांची लेट फी

खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं ऑफिस होतं. मी लोकांची जीएसटीची रिटर्नं भरून द्यायचे. माझा स्वभाव मुळात तापट, आणि आपलं काही चुकत नाही ही खात्री त्याहून जास्त. दर महिन्याची वीस तारीख, म्हणजे रिटर्नची शेवटची मुदत, जवळ आली की माझ्याशी घरातलं कुणी बोलायला धजत नसे.

माझ्या गिऱ्हाइकांत मानपाड्याचे एक शेठ होते. लोखंडी भागांना रंग देण्याची त्यांची छोटी शेड होती. वाडवडील मिठागरात राबलेले, शिक्षण सातवीपर्यंत. पण कराचे पैसे एक दिवसही मागे ठेवायचे नाहीत. त्या नोव्हेंबरातही त्यांनी एकोणीस तारखेलाच चलन भरलं, छत्तीस हजार पाचशे.

डिसेंबरच्या सुरुवातीला ते आले. ज्या कंपनीचं काम ते करत, तिनं त्यांचं बिल अडवलं होतं. रिटर्न भरलेलं दिसत नाही, त्यामुळे कंपनीला कराची वजावट मिळत नाही, असं खरेदीखात्याचे साहेब म्हणत होते. मी वही उघडली, त्यांच्या नावापुढची टिक दाखवली आणि म्हटलं, मोठ्या कंपन्यांना पैसे दाबून ठेवायला निमित्तच लागतं, तुम्ही ठणकावून सांगा. आठवड्यानं ते पुन्हा आले. शेडवरच्या पोरांचा पगार थकला होता. मी संगणकाकडे बघितलंसुद्धा नाही. उलट त्यांच्यावरच डाफरले.

अठरा डिसेंबरला त्यांचं पुढचं रिटर्न भरायला बसले, तर साइट पुढे जाऊ देईना. आधीचं बाकी आहे, म्हणाली. मग आठवलं. वीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी साइट लटकली होती, आणि चलन भरलं की वहीत टिक करायची ही माझी वर्षानुवर्षांची सवय. टिक झाली होती, रिटर्न राहिलं होतं. पैसे त्यांच्या जीएसटीच्या खात्यात नुसते पडून होते. रिटर्न दाखल करताना ते वळते होतात, आणि वळते होईपर्यंत, तेव्हाच्या नियमानं, व्याज चालूच.

शेठना फोन करून त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला आणि रिटर्न दाखल केलं. मग कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. एकवीस नोव्हेंबरपासून तीसपर्यंत दहा, डिसेंबरचे अठरा. अठ्ठावीस. लेट फी दिवसाला पन्नास, पंचवीस केंद्राचे आणि पंचवीस राज्याचे, म्हणजे चौदाशे. व्याज वर्षाला अठरा टक्के. छत्तीस हजार पाचशेवर ते दिवसाला बरोबर अठरा रुपये पडतं, म्हणजे पाचशे चार. एकूण एकोणीसशे चार. तीनदा मोजलं. आकडा एवढासाच निघतोय याचं मला आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

दुपारी बस पकडून मानपाड्याला गेले. बसायला खुर्ची दिली तरी बसवेना. चूक माझी, लेट फी आणि व्याज मी भरते, असं उभ्यानंच सांगून टाकलं. शेठ चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"पैशांचा काय नाय, मॅडम," ते म्हणाले. "पन मी त्या सायबाला चार लोकांत खोटारडा बोललो. तुमच्या भरवशावर. आता तो मना काम देनार नाय."

त्या कंपनीशिवाय त्यांना दुसरं काम नव्हतं. मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर येते, साहेबांना सगळं खरं सांगते. रात्रभर मनात वाक्यं जुळवत होते. एकोणीसशे चारचा हिशेब जमला होता, त्या एका शब्दाचा जमत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात आम्हाला तासभर ताटकळत ठेवलं. मी चारदा उठून दारापर्यंत जाऊन आले. शेवटी आत बोलावलं. साहेब तरुण होते. त्यांच्या समोरच्या खुर्च्यांवर आणखी दोघं बसलेले. दाखल झालेल्या रिटर्नची प्रत मी टेबलावर ठेवली आणि घसा साफ केला. तेवढ्यात शेठ बोलायला लागले.

"सायेब, मॅडमचा काय दोष नाय. ओटीपी माझ्या मोबाइलवर आलेला, मीच बघितला नाय. तुमाला वाकडं बोललो, माफ करा."

साहेबांनी तारीख पाहिली, बिल सोडायला सांगितलं, पुढचं कामही चालू राहील म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, असंच झालं का. खुर्च्यांवरचे ते दोघंही माझ्याकडे बघत होते. शेठ खाली बघत उभे होते.

मी म्हटलं, "हो."