रजा दोनदा मोजली

धाकट्या भावाला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक माझ्यासारखीच, सरकारी लिपिकाची. दुसरी मिहान औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत, महिना साडेबेचाळीस हजार, कंपनीचा पीएफ त्यातच धरलेला. बारा वर्षं पगारबिलं करून मी जिथे पोचले, त्याच्या जवळपास हा पहिल्याच दिवशी बसणार होता. जळफळाट झाला माझा. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं!

कंपनीला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. तो हुडकेश्वरला माझ्या घरी आला आणि म्हणाला, "ताई, तूच हिशेब करून दे वं. मले यातलं काही समजत नाही."

मी कागद ओढला. सरकारी पगार भत्त्यांसह छत्तीस हजार धरला. जुनी पेन्शन त्याला नव्हतीच, म्हणून पेन्शनपोटी सरकार दरमहा मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर भरणार ते चौदा टक्के, बेचाळीसशे, तेवढेच मांडले. मग रजा. सरकारच्या अर्जित रजा वर्षाला तीस, कंपनीच्या पंधरा. जास्तीच्या पंधरा दिवसांचे, दिवसाला हजार धरून, महिन्याला साडेबाराशे झाले. एकूण एक्केचाळीस हजार साडेचारशे. कंपनीच पुढे होती.

मग खाली आणखी एक ओळ लिहिली: रजा रोखीकरण, म्हणजे त्याच रजा विकून मिळणारे साडेबाराशे. सरकारी पारडं दोनशेने जड झालं. हाच घोळ माझ्या टेबलावर कुणी केला असता, तर मी बिल तोंडावर परत फेकलं असतं.

तो कागद पाहत राहिला. "रजा घेतली तर मंग विकता येते का?"

"नाही. उरलेलीच विकता येते, तीही निवृत्तीला."

"मंग दोनदा काहून धरली?"

मी ती ओळ खोडली.

"तुह्या किती जमा हायेत?"

"तीनशे."

"अन् त्याच्या वरच्या?"

"वापरल्या नाहीत तर बुडतात."

"म्हणजे तू घेतल्याही नाही अन् विकताही येत नाही!" तो हसला. मला हसू आलं नाही. "हजाराचाच तर फरक हाये ताई. मी सरकारीच घेतो. रजा मात्र सगळ्या घेईन."

तो मागेच राहावा म्हणून मी खोटा हिशेब मांडला होता. खऱ्या हिशेबानेही तो माझ्याच वाटेवर आला. मला आनंद व्हायला हवा होता.

त्याच्या नोकरीला वर्ष झालं आणि परवा त्याचा फोन आला. दहा दिवसांची रजा मंजूर झाली, बायकोपोरांना घेऊन चिखलदऱ्याला चालला होता. "तूही चाल ना वं, तुह्या तर बुडूनच राहिल्या."

त्या पगाराचा केला नव्हता एवढा हेवा मी या दहा दिवसांचा केला. दुपारी रजेचा कोरा अर्ज काढला, नाव लिहिलं, पद लिहिलं. 'रजेचे कारण' या रकान्यात काय लिहितात, ते मात्र मला शेजारच्या टेबलावर विचारावं लागलं.