एक्क्याण्णवची किल्ली

आमच्या कॉलेजात जर्नलमध्ये व्हाइटनर लावायला बंदी आहे, आणि ती बंदी सगळ्यात कडकपणे पाळणारी बाई मी. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, रेघेखालचं वाचता आलं पाहिजे आणि शेजारी सही करायची. पांढरं दिसलं की मी पूर्ण पान पुन्हा लिहायला लावते. जप्त केलेल्या पाच-सहा बाटल्या माझ्या टेबलाच्या खणात पडून असतात. पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात हे मला ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही.

मी शेवटच्या वर्षाला क्रिप्टोग्राफी शिकवते, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याचं गणित. त्यात आरएसए नावाची एक पद्धत आहे. दोन मूळ संख्या घ्यायच्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. त्यांचा गुणाकार सगळ्या जगाला सांगायचा आणि त्या दोन संख्या पोटात ठेवायच्या. प्रत्यक्षात या संख्या इतक्या लांबलचक असतात की कागदावर लिहायलाही कंटाळा यावा. असाइनमेंटला मात्र मी चिमुकल्या संख्या देते. एक इंग्रजी अक्षर हाताने कुलूपबंद करून पुन्हा उघडायचं, मग सगळी सव्वीस अक्षरं पायथनमध्ये कोड लिहून करायची आणि प्रिंट जर्नलात चिकटवायची. हाताने केल्याशिवाय अंगात मुरत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी वर्षातून चाळीस वेळा ऐकवते.

त्या वर्षी दुसरी मूळ संख्या मीच दिली होती, ३. कुलूप लावायचा घातांकही मीच दिला होता, ७. पहिली संख्या पन्नास ते शंभरमधली प्रत्येकाने आपली निवडायची होती. "एकाहत्तर तेवढा घेऊ नका, त्याच्याशी सात बसत नाही," एवढं सांगून मी मोकळी झाले.

जर्नलं तपासायला बसले तर दोन शहाण्यांनी ७७ घेतलेला. सात गुणिले अकरा. मूळ संख्या नाहीच ती. त्यामुळे व्हायचं तेच झालं होतं. ई कुलपात टाकला की उघडल्यावर टी बाहेर पडत होता. 'आउटपुट का चुकतंय कळत नाही' असं बिचाऱ्यांनी खाली प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. मी हसले आणि दोन-दोन मार्क कापले.

मग एका मुलीचं जर्नल आलं. गडमुडशिंगीची पोरगी, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. मागच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिने ९१ घेतला होता. तेरा साते एक्क्याण्णव, म्हणजे तीही मूळ संख्या नव्हे. पण खाली सव्वीसच्या सव्वीस अक्षरं जशीच्या तशी परत आलेली. ए चा ए, बी चा बी, पार झेडपर्यंत.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चुकीच्या संख्येवरून काढलेली किल्ली चुकीचीच असणार, आणि चुकीच्या किल्लीने सव्वीस कुलपं उघडतील कशी? सरळ दिसत होतं की हिने अक्षरं हाताने टाइप करून प्रिंट मारलीय. मी लाल पेनाने पानावर आडवं लिहिलं, 'आउटपुट खोटं', आणि शून्य दिलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण राग आला की मी थांबत नाही. विभागप्रमुखांच्या नावाने चिठ्ठीही लिहिली. आमच्याकडे प्रॅक्टिकलमध्ये खोटेपणा केल्याची चिठ्ठी गेली की त्या सत्रात कॅम्पस इंटरव्ह्यूच्या यादीतून नाव कटतं. कंपनी शनिवारी येणार होती आणि यादी जर्नलं वाटायच्या दिवशीच पाचला बंद होणार होती.

जर्नलं वाटल्यावर मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी खोटं न्हाई लिवलं."

"मग एक्क्याण्णव मूळ संख्या आहे?"

"न्हाई, ते आत्ता कळलं. पन आउटपुट मशीनवर तसंच आलंय की. चालवून बघा."

लॅबमध्ये दुसऱ्या बॅचची परीक्षा चालू होती. शिवाय मला चालवून बघायचंच नव्हतं, कारण माझं ठरलेलं होतं. "कोडात कुणीही काहीही छापेल," मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे सर चहात बिस्कीट बुडवताना थांबले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"मग हातानं करूया," ती म्हणाली. "अक्षर तुम्हीच सांगा. मांडणी पन तुम्हीच करा, मी पेनाला हात लावत न्हाई."

आवाज चढलेला नव्हता, पण जागची हललीही नाही. मला वाटलं, ठीक आहे, तुझ्याच डोळ्यांसमोर तुला खोटं पाडते. मी पाठकोरा कागद ओढला आणि अक्षर निवडलं बी, म्हणजे २.

तिचा गुणाकार ९१ गुणिले ३, म्हणजे २७३. किल्ली काढण्यासाठी दोन्ही संख्यांतून एकेक वजा करून गुणायचं असतं, म्हणून तिने ९० गुणिले २ केले होते, १८०. मग ७ ला कशाने गुणलं की १८० ने भागून बाकी एक उरते, ते शोधायचं. ७ गुणिले १०३ म्हणजे ७२१, आणि चार वेळा १८० म्हणजे ७२०. तेव्हा तिची किल्ली १०३. या चुकीच्या पायावर उभी राहिलेली किल्ली आता पडणार, याची मला खात्री होती.

कुलूप लावलं. २ चा सातवा घात १२८. तो २७३ पेक्षा लहान, म्हणून बंद झालेला बी म्हणजे १२८.

आता उघडायचं. १२८ चा एकशे तिसरा घात करून २७३ ने भागायचं आणि बाकी पाहायची. एवढा घात थेट कुणी करत नाही. वर्ग करत जायचं आणि दर पायरीला बाकी तेवढी ठेवायची. १२८ चा वर्ग १६३८४, बाकी ४. चौथ्या घाताला १६. आठव्याला २५६. सोळाव्याला पुन्हा १६ आले. बत्तिसाव्याला पुन्हा २५६, चौसष्टाव्याला पुन्हा १६.

माझा हात जरा हळू झाला.

१०३ म्हणजे ६४, ३२, ४, २ आणि १. त्या-त्या घाताच्या बाक्या घेऊन गुणायच्या. १६ गुणिले २५६ म्हणजे ४०९६, आणि २७३ चे पंधरा पट ४०९५. बाकी १. उरले १६, ४ आणि १२८. सोळा चोक चौसष्ट, चौसष्ट गुणिले १२८ म्हणजे ८१९२. २७३ चे तीस पट ८१९०.

बाकी दोन. म्हणजे बी.

मी वरून खालपर्यंत पुन्हा तपासलं. तेच उत्तर. कुणी तोंडात मारावी तसं झालं. सर कप घेऊन केव्हाच माझ्या खांद्यामागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, ९१ फोडून बघा की. सात, तेरा, तीन. एकेक वजा करून गुणा."

सहा गुणिले बारा गुणिले दोन, १४४. खरं उत्तर हे. आता ७ ला कशाने गुणलं की १४४ ने भागून बाकी एक उरते? पाच वेळा १४४ म्हणजे ७२०. आणि ७२१ म्हणजे ७ गुणिले १०३.

तीच किल्ली. चुकीच्या वाटेने गेलेली पोरगी नेमकी बरोबर दारात पोचली होती. ७७ घेणाऱ्यांना ही वाट सापडली नव्हती. ९१ ला सापडली, आणि इतक्या वर्षांत मी ती कधी तपासूनच पाहिली नव्हती. शिकवत होते मी आणि करून पाहिलं होतं तिने.

"एक्क्याण्णव घेतलास कशाला पण?" मी विचारलं. आवाज अजून मास्तरणीचाच होता. सवय जात नाही.

"सगळ्यांनी त्रेपन्न न् सत्त्याण्णव घेतलंतं. आमी डिप्लोमावाली. कुनी कॉपी म्हनायला नगं म्हनून येगळा घेतला."

"आणि मूळ आहे का ते तपासलं नाहीस?"

तिने वही उघडून माझ्यासमोर ठेवली. माझाच तास होता, फळ्यावरून उतरवलेला. ४७ ला २, ३, ५ ने भाग जात नाही, म्हणून मूळ. मी असंच शिकवलं होतं. ४७ ला तेवढं पुरतं, कारण सात साते एकोणपन्नास हे ४७ च्या पुढे जातात. हे कारण मी सांगितलंच नव्हतं. तास संपत आला होता, घाईत होते. तिने आपल्या ९१ लाही इमानदारीत २, ३, ५ ने भागून पाहिलं होतं आणि ४७ सारखंच पुढे मूळ लिहिलं होतं.

मला फार लाज वाटली. कुणी कॉपी म्हणू नये म्हणून जी मुलगी वेगळ्या वाटेने गेली, तिलाच मी खोटी ठरवली होती, आणि तेही माझ्याच अर्धवट शिकवण्याच्या जोरावर.

"माझं चुकलं," मी म्हटलं. सरांच्या देखत म्हटलं, कारण खोटी ठरवली होती तीही त्यांच्या देखतच. चिठ्ठी अजून माझ्याच ट्रेमध्ये होती. ती तिच्यासमोर फाडली. मग जर्नल ओढून घेतलं. शून्य खोडून दहापैकी आठ केले आणि सही केली. दोन मार्क ९१ चे, ते कापायलाच हवे होते.

"कापलेले दोन बरोबर हायत," ती म्हणाली.

राहिले ते माझे लाल शब्द. पानभर आडवे, जर्नल उघडलं की आधी तेच दिसावेत असे. शनिवारी हेच जर्नल घेऊन ती इंटरव्ह्यूला बसणार होती. मला ते बघवेना. मी खण उघडला, जप्तीतली एक बाटली काढली आणि झाकण फिरवायला लागले.

"मॅडम," ती म्हणाली, "व्हाइटनर चालत न्हाई."

टोमणा नव्हता तो. मला माझाच नियम मोडावा लागू नये म्हणून ती सांगत होती.

मी बाटली परत खणात टाकली. पट्टी घेतली, 'आउटपुट खोटं' वर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'आउटपुट खरं आहे. मी स्वतः हाताने करून पाहिलं.' शेजारी सही केली. शाई वाळेपर्यंत तिने पानावर फुंकर घातली आणि जर्नल छातीशी धरून गेली.

रेघेखालचं माझं 'खोटं' वाचता येत होतं. नियमच तसा आहे.