बुधवारची झोप

आमच्या धावण्याच्या ग्रुपच्या सरांनी मला फसवलं. माझी झोप लुबाडली.

जुन्या जालन्यात माझं कापडाचं ठोक दुकान आहे. शून्यातून उभं केलं. भावात मला कोणी गंडवल्याचं ऐकिवात नाही. पण फुल मॅरेथॉनच्या तयारीत मी सरांच्या एका शब्दावर दुपारची डुलकी सोडली. ग्रुपचा रिवाज असा, की सकाळी जो आला नाही त्याच्या नावापुढे सर मोबाइलवर लोळणाऱ्या म्हशीचं चित्र टाकायचे. त्या म्हशीच्या धाकाने मी सातही दिवस पळायचो. दुकान बंद करून जेवायला उशीर, उठायचं मात्र अंधारात. सर स्वतः बुधवारी नसायचे. भोकरदनला शेतावर जातो, म्हणायचे.

हळूहळू पाय शिशाचे झाले. नेहमीच्या वेगालाही धाप लागायची. सकाळी अंथरुणातच नाडी जोरात चाललेली असायची. सर्दी हटेना, गिऱ्हाइकांवर खेकसायचो. हृदयच गेलं, असं धरून मी डॉक्टरांकडे गेलो. ते स्वतः पळणारे. त्यांनी सगळं तपासलं आणि हसले.

"हृदय ठणठणीत आहे शेठ. तुम्ही थकलात. आधी आठवडाभर पळणं बंद. मग दर आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी."

"महिन्यातून दोन करा. तुमचं न्हाई, माझं न्हाई."

"हे कापड न्हाई. पळताना शरीर झिजतं, भरून निघतं ते झोपेत."

"मंग रविवारी एकदम झोपून घेतो."

"उधारी सगळी एका दिवसात फिटत न्हाई. रात्री लवकर आडवे व्हा. दुपारी वीसेक मिनिटं डोळा लावा, पण संध्याकाळी न्हाई, रात्रीची झोप जाईल."

बाहेर आलो तर छातीवरची शिळा उतरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि गादीवर लोडाला डोकं टेकून पडलो. आठवडा संपला, पुन्हा पळायला लागलो, तेव्हा नाडी खाली आली होती. पाय आपले आपण उचलत होते. गिऱ्हाइकाला मी चक्क चहा पाजला.

सुट्टीसाठी मी बुधवार धरला. पहिल्याच बुधवारी, सरांनी माझ्या दुकानातून मागवलेला टॉवेलचा गठ्ठा द्यायला त्यांच्या घरी गेलो. दारात वहिनी.

"हळू बोला भाऊ, झोपलेत. बुधवारी कोणी उठवायचं न्हाई, सक्त ताकीद हाय."

"भोकरदनला गेले न्हाईत?"

"भोकरदनला? कशाला? शेत तर कवाच इकलं!"

आतून घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं.

म्हणजे विश्रांतीची किंमत सरांना ठाऊक होती. त्यांनी ती स्वतःपुरती ठेवली आणि आम्हाला म्हशी दाखवल्या. मी वाचलो, त्याचं समाधान आहे. पण ग्रुपमधले बाकीचे अजून सातही दिवस पळतात. सर, त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा, बुधवारी तुम्ही कुठे असता?