संध्याकाळचं दूध

त्या दिवशी डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखती घेऊन घेऊन माझं डोकं उठलं होतं. कोल्हापुरातल्या आमच्या ऑफिसात मी प्रत्येकाला एकच तक्ता द्यायचो. गावच्या दूध संस्थेतला सभासद क्रमांक, तारीख, लिटर. पायथनच्या पँडास लायब्ररीत हा डेटा साफ करून दाखवा, एवढंच. नव्वदच्या दशकात मी अशाच एका संस्थेत दूध मापून घेत होतो, म्हणून हा तक्ता.

सगळ्यांचं एकच. एका सभासदाच्या एकाच तारखेला दोन ओळी दिसल्या, की दुसरी डुप्लिकेट म्हणून उडवायची. लिटरची जागा रिकामी दिसली, की तिथं सरासरी भरायची. विचार करायचा म्हणून नाहीच.

शेवटची मुलगी शिरोळकडची होती. तिनंही तेच केलं. मी वैतागून विचारलं, "घरी म्हैस आहे?"

"हाय की सर."

"डेअरीला दूध किती वेळा घालता?"

"दोनदा. सकाळी आणि..." ती थांबली. "संध्याकाळचं सगळं दूध मी उडवलं की!"

"आणि आटलेल्या म्हशीचीही सरासरीनं धार काढलीस."

तिनं मूळ फाइल पुन्हा पहिल्यापासून उघडली. दोन्ही वेळच्या ओळी परत आल्या. रिकाम्या जागांपाशी मात्र तिचा हात थांबला.

"पण सर, रिकामं म्हणजे म्हैस आटलीच कशावरनं? लिहायचं राहिलं असंल. आधी संस्थेत विचारूया की."

एवढं ऐकायला मी सकाळपासून बसलो होतो.