दुखणं पोटाचं, नाव फ्लूचं

परवा माझी नात पोटाला उशी लावून पडली होती. काय गं झालं, म्हटलं, तर म्हणते, "आजी, स्टमक फ्लू. आणि बघ ना, मी तर फ्लूची लस घेतली होती. काही उपयोग नाही त्या लशीचा." माझं डोकंच फिरलं. आजारी पोरीवर ओरडू नये एवढं मला कळतं, म्हणून आधी तिला मीठ-साखर-लिंबाचं पाणी करून दिलं आणि मग ओरडले. अगं, लस फ्लूची, आजार पोटाचा. तिनं काय म्हणून थांबवायचं त्याला? फ्लूचा विषाणू नाका-घशातून श्वासाच्या वाटेला जातो. पोटाचं हे दुखणं तोंडातून जातं, घाणेरड्या पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून. त्याचे जंतू निराळे, वाट निराळी. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मग नाव का फ्लूचं?

नात म्हणाली, "सगळे तेच म्हणतात, आजी. नावानं काय होतं?"

नावानं काय होतं ते मी लालबागला पाहिलंय.

एकोणीसशे सत्तावन्न सालची गोष्ट. मी नुकतीच डॉक्टर झाले होते. राहायला गिरगावात, आणि लालबागला एका जुन्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून जायची. त्या उन्हाळ्यात फ्लूनं मुंबई झोपवली होती. बोटीतून आला म्हणत. घराघरात माणसं फणफणलेली, अंग ठणकतंय, डोकं दुखतंय, घसा बसलाय, खोकून खोकून बरगड्या दुखतायत. आमच्या कंपाउंडरनं काचेच्या मोठ्या बरणीत गुलाबी औषध करून ठेवलं होतं, तापाचं आणि अंगदुखीचं. येईल त्याच्या बाटलीत ते ओतायचं, बाटलीला डोस मोजायची कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची, की पुढचा. इतकी गर्दी, की पेशंटनं "फ्लू" म्हटलं की त्याची जीभसुद्धा कुणी बघत नव्हतं.

आणि दुसरीकडे संयुक्त महाराष्ट्र. लालबाग-परळमध्ये तेव्हा ज्याच्या अंगात ताप नव्हता त्याच्या अंगात चळवळ होती. पुष्कळांच्या अंगात दोन्ही. मीही शिवाजी पार्कच्या सभांना घसा फाटेस्तोवर ओरडून आले होते, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे मला जे जे म्हटलं गेलं ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दवाखान्याजवळ गिरणी कामगारांची एक चाळ होती. तिथले सेक्रेटरी म्हणजे चाळीचा कणा. दिवसभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करून आलेला माणूस, पण मोर्चा असला की पाय जमिनीवर ठरत नसत. त्यांनी चाळीच्या दारात एक मोठं पिंप मांडलं होतं. मोर्चा निघाला की त्यात लिंबाचं सरबत, आणि उन्हाचं गार हवं म्हणून मच्छी बाजारातून आणलेला बर्फ, मासळीच्या पेट्यांत घालतात तो. एकच तांब्या. ज्याला तहान लागेल त्यानं हात बुडवून तांब्या भरायचा. बायका कडेवरच्या पोरांनाही पाजायच्या. मोर्चाचं सरबत, प्रसादच तो.

एका मोर्चानंतर दोन दिवसांत त्या चाळीतून बाटल्यांची रांग लागली. सगळ्यांच्या तोंडी फ्लू. पण मी विचारत गेले तशी माझी शंका वाढत गेली. खोकला? नाही. घसा? नाही. नाक? कोरडं. मग काय होतंय? उलट्या आणि जुलाब, बाई, बसवत नाही. मी म्हटलं, हा फ्लू नाही. डॉक्टरसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, पोटाचा फ्लू म्हणा. लोकांना समजेल असं नाव द्यावं लागतं."

"समजेल असं की सोसेल असं?" मी म्हटलं.

ते हसले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. भला माणूस होता, पण भल्या माणसांनी कंटाळून टाकलेला एक शब्द किती नुकसान करतो बघा. त्या गुलाबी औषधात सॅलिसिलेट होतं, ॲस्पिरिनच्या कुळातलं. धडधाकट माणसाच्या रिकाम्या पोटात गेलं तरी मळमळतं. ज्याच्या पोटात घोटभर पाणी ठरत नाही त्याला आम्ही तेच पाजत होतो. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

तशात त्या चाळीतली एक बाई धावत आली. मालवणकडची, नवरा गिरणीत पाळीवर गेलेला. दारातच म्हणाली, "डॉक्टरीणबाय, माझा चेडू रडता, पण डोळ्यांत पाणी नाय." चेडू म्हणजे तिची पोरगी. मी पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर निघाले.

चाळीच्या दारातच खडूनं लिहिलेला फळा: "चाळीत पोटाच्या फ्लूची साथ आहे. तोंडाला रुमाल बांधा. कापूर हुंगा. गर्दीत थुंकू नका." आणि फळ्याच्या खालीच ते पिंप, झाकण बाजूला, तांब्या आत तरंगतोय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

खोलीत खिडकी बंद. वर्षभराची पोर घोंगडीत गुंडाळलेली, गळ्यात कापराची पुडी. पलीकडे तिचा काका खोकत पडलेला. त्याला मात्र अस्सल फ्लू होता: ताप, अंगदुखी, घशातून आवाज निघत नव्हता, पण पोट ठणठणीत. एका खोलीत दोन आजार आणि दोघांवर एकच इलाज चाललेला. मी पोरीची घोंगडी काढली. डोळे खोल गेलेले, टाळूच्या जागी खळगा, ओठ सुकलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. "लघवी कधी केली हिनं?" आईला आठवेना. "आणि पाणी?"

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "फ्लूचो ताप तो. तापात पाणी दिला तर ताप डोक्यात जाता. लंघन केला काय उतरात."

त्या म्हातारीवर मी काय रागावणार? तापात लंघन हे ती आयुष्यभर ऐकत आलेली, आणि फ्लू हे नाव तिला आमच्याच दवाखान्यातून मिळालेलं. नाव फ्लूचं दिलं म्हणून तिनं फ्लूचं पथ्य केलं. पोरीच्या अंगातलं पाणी आणि मीठ दोन्हीकडून वाहून चाललं होतं आणि घरातलं शहाणं माणूस तिचं पाणी तोडून बसलं होतं.

काकाला मी बाहेर गॅलरीत निजायला लावलं. त्याचा फ्लू पोरीला आणखी व्हायला नको होता. चुलीवर पाणी खळखळून उकळलं, निववलं, त्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. आईला म्हटलं, चमच्या-चमच्यानं घाल. पोरीनं ओकलं. सासू म्हणाली, "बघा, मी सांगत होतंय." मी म्हटलं, थांब थोडं आणि पुन्हा घाल. पुन्हा घातलं. थोडं राहिलं, थोडं गेलं. पण पोर झापड येऊन मान टाकायला लागली, तेव्हा चमच्यानं भागणार नाही हे कळलं. शिरेतून सलाइन लावायला हवं होतं. टॅक्सी आणायला माणूस पाठवला.

खाली टॅक्सीची वाट बघताना सेक्रेटरी भेटले. मी सरळ म्हटलं, "हे पिंप आत्ता ओता. ह्यातलं जे प्यालेत तेच आजारी आहेत. ज्या बायका त्या दिवशी घरीच होत्या त्या बऱ्या आहेत." दुखणं बर्फातून गेलं, की तांब्या बुडवणाऱ्या हातांतून, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. पण पिंपातून गेलं हे नक्की.

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांनी पोटाचा फ्लू सांगितलाय. फ्लू बाहेरून आला, साऱ्या मुंबईत आहे. मोर्चाच्या सरबताला नावं ठेवणं म्हणजे सरकारची भाषा, डॉक्टरीणबाई. तुम्हाला गिरगावात बसून नाही कळायचं."

सरकारची भाषा. मला. तेव्हा मला त्या शब्दाची खरी सोय कळली. फ्लू म्हटलं की कुणाचीच चूक नसते, तो बोटीतून येतो. जुलाब-उलट्या म्हटलं की कुणाचं तरी पिंप उघडावं लागतं. त्या भल्या माणसाला वाईट काही करायचं नव्हतं, त्याला फक्त पिंपावर डाग नको होता. कडेवरची पोर मान टाकून होती आणि हा माणूस पिंपाची अब्रू सांभाळत होता. पोरीची आई सगळं ऐकत उभी होती. टॅक्सी आली.

परळच्या इस्पितळात पोरीच्या पायाची शीर सापडता सापडेना. शेवटी सापडली. सलाइन चढत गेलं तशी ती दुसऱ्या दिवशी रडली, आणि आईनं बोट तिच्या गालावर फिरवून मला दाखवलं. बोट ओलं होतं. मला तिथंच रडू कोसळलं.

ती पोरीला घेऊन घरी निघाली त्या दिवशी मी बरोबर गेले. नेमका त्याच दिवशी मोर्चा. चाळीच्या दारात झेंडे, घोषणा, बायकांची गर्दी, आणि पिंप भरलेलं. फळाही तसाच. सेक्रेटरींनी पोरीला बघितलं आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "आली का आमची वाघीण," म्हणत त्यांनी तांब्या बुडवला आणि प्रेमानं पोरीच्या तोंडाशी धरला.

आईनं तांब्या हातात घेतला. पोरीला माझ्याकडे दिलं. तांब्या शांतपणे जमिनीवर ओतला, पदर खोचला, आणि पिंपाला दोन्ही हातांनी रेटा दिला. पिंप कलंडलं. सरबत, लिंबाच्या फोडी, बर्फाचे खडे सगळ्यांच्या पायांतून गटाराकडे धावले. घोषणा थांबल्या.

"बघा," ती म्हणाली, "तुमचो फ्लू गटारात गेलो."

मग तिनं माझ्याकडून पोर घेतली, कडेवर बसवली आणि मोर्चात जाऊन उभी राहिली.